गुंतवणूक घोषणापत्राची सूचना: आधी करप्रणाली विचारा, मग पुरावे मागा

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत ९० माणसांच्या कारखान्यात मी एचआर आणि अकाउंट्स दोन्ही बघते. दरवर्षी जुनीच नोटीस तारीख बदलून लावते, 'सर्व पुरावे १५ जानेवारीपर्यंत जमा करावेत'. तरी निम्मे लोक उशिरा येतात, काहींचा मार्चचा पगार कापला जातो आणि भांडणं होतात. तारखा, फॉर्म, पुरावे सगळं समजेल अशी एक पानाची सूचना कशी लिहू?

ताई, जळगाव आणि धुळ्याच्या कारखान्यांचे पगार करण्यात माझी बावीस वर्षं गेली. तुमच्यासारखीच नोटीस मीही बरीच वर्षं लावत होतो. नोटीस वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळत नाहीत, अडचण तिथे आहे. पहिली, ही सूचना आपल्याला लागू आहे की नाही. दुसरी, १५ जानेवारी उलटली तर नेमकं काय होतं. या दोन्हींची उत्तरं नोटिशीत आली की उशिरा येणारे खूप कमी होतात. खाली लिहितो ते २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या सूचनेत कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक तपासूनच घाला, यंदाचं पान तसंच पुन्हा लावू नका.

आधी लागू असण्याचं बघू. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ धरली जाते. कर्मचाऱ्याने कंपनीला काहीच कळवलं नाही, तर टीडीएस नव्या प्रणालीने कापायचा, हे आयकर खात्याने ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. नव्या प्रणालीत एलआयसी, पीपीएफ, मेडिक्लेम, घरभाडं, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज यातल्या कशाचीच वजावट मिळत नाही. मिळते ती ७५,००० ची प्रमाणित वजावट, आणि तिला पुरावा लागत नाही. शिवाय यंदा करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७ ए ची सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे वर्षाचा पगार १२,७५,००० पर्यंत आणि दुसरं काही उत्पन्न नाही, अशा माणसाला पावत्या आणायला लावण्यात अर्थ नाही.

तुमच्या ९० जणांत ऑपरेटर, हेल्पर, फिटर, स्टोअरवाले किती असतील ते बघा. बहुतेक जण याच मर्यादेत बसतील. तरी जुन्या नोटिशीमुळे हे सगळे एलआयसीच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढून टाइम ऑफिसच्या खिडकीत रांग लावतात, आणि ज्यांच्या कागदांनी खरोखर फरक पडतो ते आठ-दहा जण त्या गर्दीत मागे राहतात. म्हणून सूचनेची पहिलीच ओळ 'ही सूचना कोणासाठी आहे' अशी हवी. जुनी प्रणाली निवडलेल्यांनाच पुरावे मागा. बाकीच्यांकडून एप्रिलमध्ये नव्या प्रणालीच्या पसंतीवर सही घेतली असेल तेवढी पुरे. या पसंतीसाठी सरकारी छापील फॉर्म नाही, कंपनीने आपला अर्ध्या पानाचा नमुना करावा आणि तो फाइलला लावावा.

आता तारखा. लोकांच्या डोक्यात तीन तारखा एकमेकांत मिसळलेल्या असतात आणि नोटीस त्यातली एकच सांगते. १५ जानेवारी ही कंपनीची तारीख आहे, कायद्यात ती कुठेही नाही. पगाराचं काम वेळेत व्हावं म्हणून आपण ती ठरवतो. गुंतवणूक करण्याची शेवटची तारीख ३१ मार्च, ती कायद्याची. आणि कंपनीकडे पुरावा द्यायचा राहिला तरी ८० सी, ८० डी किंवा घरभाड्याची वजावट स्वतःच्या विवरणपत्रात मागता येते, त्याची मुदत पगारदारांना साधारणपणे ३१ जुलै. हे नोटिशीत लिहिलं तर लोक आणखी निवांत होतील, असं मला आधी वाटायचं. उलट झालं. तारीख चुकली म्हणून पैसे बुडत नाहीत, पण जानेवारी ते मार्च जास्त कापले जातात आणि परतावा पावसाळ्यात कधीतरी येतो, हे समजल्यावर माणूस वेळेत कागद आणतो.

हे कापणं किती असतं ते आकड्यांत दाखवतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एका प्रॉडक्शन सुपरवायझरबाबत असं झालं. आकडे गोल केले आहेत आणि दर यंदाचे लावले आहेत.

पगार वर्षाला १४,४०,०००. मूळ वेतन महिना ६०,०००, घरभाडे भत्ता २४,०००. जळगावात भाड्याने राहतो, भाडं १५,०००. नाशिकला स्वतःचा फ्लॅट, त्याच्या कर्जाचं व्याज दोन लाख. ८० सी चे दीड लाख पूर्ण भरलेले, आईवडिलांच्या मेडिक्लेमचा हप्ता ३०,०००, आणि एनपीएसमध्ये स्वतःचे ५०,०००. एप्रिलमध्ये त्याने जुनी प्रणाली निवडली.

घरभाड्याची सूट तीन आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा असतो: मिळालेला भत्ता, मूळ वेतनाचे ४० टक्के, आणि भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम. इथे पहिले दोन २,८८,००० आहेत आणि तिसरा १,८०,००० वजा ७२,०००, म्हणजे १,०८,०००. तेवढी सूट. मग प्रमाणित वजावटीचे ५०,०००, व्यवसाय कराचे २,५०० आणि बाकीच्या वजावटी काढल्या की करपात्र उत्पन्न ८,४९,५०० राहतं. त्यावर उपकर धरून कर ८५,६९६. नव्या प्रणालीत याच माणसाचा कर ८८,१४० होतो. म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून जुन्या प्रणालीचा फायदा वर्षाला २,४४४ रुपये. त्याने एप्रिलमध्ये हे मांडूनच बघितलं नव्हतं.

दरमहा सुमारे ७,१४१ कापत डिसेंबरपर्यंत ६४,२७२ जमा झाले. जानेवारीत तो भाडेपावत्या घेऊन आला. पावत्यांवर सही घरमालकाच्या मुलाची, घर वडिलांच्या नावावर, आणि पॅनचा रकाना कोरा. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावाच लागतो. मी विचारल्यावर तो म्हणाला, "मालक पॅन द्यायला तयार नाही भो, भाडं दाखवावं लागेल म्हणतो."

मला सूट नाकारावी लागली. करपात्र उत्पन्न ९,५७,५०० झालं आणि कर १,०८,१६०. उरलेले ४३,८८८ तीन महिन्यांत वसूल करायचे, म्हणजे महिन्याला साधारण १४,६२९. सात हजारांच्या जागी साडेचौदा. हेच कागद त्याने मार्चमध्ये आणले असते, तर एका मार्चच्या पगारातून २९,६०५ गेले असते. तुमच्याकडे मार्चमध्ये जी भांडणं होतात, त्यांच्यामागे बहुधा असाच हिशेब असतो.

यंदाच्या दरांत अशा माणसाने पुढे विवरणपत्र भरताना नवी प्रणाली घेतली, तर कर ८८,१४० आणि परतावा २०,०२०. पैसे मिळतात, पण पोरीच्या कॉलेजच्या प्रवेशाला हवे असतात तेव्हा हातात नसतात. तेव्हापासून मी घरमालकाचं नाव, पत्ता आणि पॅन एप्रिलच्या घोषणापत्रातच मागतो. पॅन मिळणार नसेल तर ते जानेवारीत नव्हे, एप्रिलमध्ये कळायला हवं, म्हणजे माणूस प्रणालीच बदलेल. तुमची यंदाची एप्रिलची वेळ गेली, पण पुढच्या वर्षीच्या नमुन्यात हा रकाना आत्ताच घालून ठेवा.

वर्षाच्या मध्ये कंपनीकडे प्रणाली बदलू द्यायची का, हे कंपनीच्या धोरणावर आहे. आम्ही पुरावे द्यायच्या वेळी एकदा बदलू देतो, त्यानंतर नाही. काही ठिकाणी एप्रिलनंतर अजिबात देत नाहीत. कंपनीला कळवलेली पसंती फक्त टीडीएसपुरती असते, विवरणपत्रात पगारदार माणूस मुदतीत वेगळी प्रणाली निवडू शकतो. तुमचा जो नियम असेल तो सूचनेत एका वाक्यात लिहा. मात्र कोणाचं दुकान किंवा शेअर बाजारातला धंदा असेल, तर जुन्या प्रणालीसाठी त्याला विवरणपत्राच्या मुदतीत फॉर्म १० आयईए वेगळा भरावा लागतो, आणि दरवर्षी इकडून तिकडे करता येत नाही. अशांना त्यांच्या कर सल्लागाराकडे पाठवा.

फॉर्मबाबत मुख्य फॉर्म एकच, १२ बीबी. १ जून २०१६ पासून तो आहे, आणि त्यात घरभाडं, प्रवास सवलत, गृहकर्जाचं व्याज आणि ८० सी सारख्या वजावटी असे चार भाग आहेत. बऱ्याच कंपन्या फक्त पावत्या घेतात आणि हा फॉर्म भरूनच घेत नाहीत. पावत्यांचा गठ्ठा असला तरी कर्मचाऱ्याने सही करून 'एवढी वजावट मागतो' असं म्हटल्याचा कागद हाच आहे, तपासणीत आधी तोच मागतात. वर्षाच्या मध्ये रुजू झालेल्यांकडून १२ बी घ्या, त्यात आधीच्या कंपनीचा पगार आणि तिथे कापलेला कर येतो. तो न घेतल्यास प्रमाणित वजावट आणि खालचे टप्पे दोन्हीकडे मोजले जातात आणि विवरणपत्राच्या वेळी त्या माणसाला मोठी रक्कम भरावी लागते. ज्यांना मुदतठेवीच्या व्याजावर बँकेने कापलेला कर आपल्या टीडीएसमध्ये धरायचा आहे, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून १२ बीएए आहे. हे दोन्ही फॉर्म मोजक्या लोकांना लागतात, सूचनेत एकेक ओळ पुरे.

पुराव्यांची लांबलचक यादी देऊ नका. यादी सगळ्यांना इंटरनेटवर मिळते. तुमच्याकडे जे पुरावे परत जातात तेवढेच लिहा. माझ्याकडे खान्देशात सगळ्यात जास्त परत जाते ती पतसंस्थेतल्या ठेवीची पावती. गावोगावी पतसंस्था आहेत, लोकांचा विश्वास आहे, पाच वर्षांची ठेव असते, म्हणून माणूस ती ८० सी मध्ये धरतो. चालत नाही. शेड्यूल्ड बँकेतली पाच वर्षांची करबचत ठेवच लागते, आणि पावतीवर ती करबचत योजनेतली असल्याचं छापलेलं असावं लागतं. पोस्टाची पाच वर्षांची मुदतठेव चालते.

दुसरं, आईवडिलांच्या नावाची एलआयसी. ८० सी मध्ये विमा स्वतःचा, पती किंवा पत्नीचा आणि मुलांचा चालतो, आईवडिलांचा नाही. मेडिक्लेममध्ये मात्र आईवडील चालतात, ते अवलंबून नसले तरीही. लोक हे नेमकं उलटं लक्षात ठेवतात. मेडिक्लेमचा हप्ता रोखीने भरलेला असेल तर वजावट जाते. तिसरं, शाळेची पावती. फक्त शिकवणी शुल्क धरायचं, दोन मुलांपर्यंत. पावतीवर नुसती एकूण रक्कम असेल तर बस, गणवेश, देणगी वेगळी काढून दाखवणारी पावती शाळेतून आणायला सांगा, आणि ते नाताळच्या सुट्टीआधी सांगा. जानेवारीत शाळेचे कारकून स्नेहसंमेलनात अडकलेले असतात.

पीएफची पावती कोणाकडूनही मागू नका, ती कपात तुमच्याच पगारपत्रकात आहे. गृहकर्जाला बँकेचं तात्पुरतं व्याज प्रमाणपत्र लागतं, आणि कर्ज दोघांच्या नावावर असेल तर कोण किती हिस्सा घेणार याचं दोघांच्या सहीचं पत्र. भाडं रोखीने ५,००० च्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट. घर वडिलांचं असून त्यांना भाडं देत असल्याचं कोणी सांगितलं तर चालतं, पण घर खरंच वडिलांच्या नावावर हवं आणि पैसे खरंच त्यांच्या खात्यात गेलेले दिसावेत.

एक मोठा घोळ जानेवारीनंतर भरायच्या हप्त्यांचा होतो. एलआयसीचा हप्ता फेब्रुवारीत येतो, पुरावा जानेवारीत कुठून आणणार? आम्ही गेल्या वर्षीची पावती आणि 'यंदाचा हप्ता भरून मार्चमध्ये पावती देईन' असं हमीपत्र घेतो आणि तात्पुरती वजावट धरतो. १६ मार्चपर्यंत पावती आली नाही की मार्चच्या पगारात ती रद्द. यासाठी सूचनेत दुसरी तारीख स्पष्ट हवी, आणि ती मार्चचा पगार बंद करण्याआधीची हवी. मार्चचा कर ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो, ३१ मेपर्यंत टीडीएसचं विवरणपत्र २४ क्यू आणि १५ जूनपर्यंत फॉर्म १६. पगार एकदा गेला की कापायला जागा उरत नाही आणि कमी कापलेल्या कराचं व्याज कंपनीला भरावं लागतं.

हे सगळं धरून मी यंदा लावली ती सूचना जशीच्या तशी देतो. तुमच्या तारखा घाला.

'दि. १५ डिसेंबर २०२५. विषय: २०२५-२६ साठी करबचतीचे पुरावे. ही सूचना फक्त जुनी करप्रणाली निवडलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. आपली प्रणाली कोणती हे नोव्हेंबरच्या पगारपत्रकावर छापलेले आहे. नव्या प्रणालीतील कर्मचाऱ्यांनी कोणतीही पावती देऊ नये.

पुरावे व सही केलेला फॉर्म १२ बीबी सोमवार, १२ जानेवारी २०२६ पर्यंत टाइम ऑफिसमध्ये द्यावा. प्रणाली बदलायची असल्यास याच तारखेपर्यंत एकदाच बदलता येईल. जानेवारी ते मार्चमध्ये भरायच्या हप्त्यांसाठी हमीपत्र द्यावे व पावती सोमवार, १६ मार्च २०२६ पर्यंत आणावी.

वर्षाचे घरभाडे एक लाखापेक्षा जास्त असल्यास घरमालकाचा पॅन आवश्यक आहे. पतसंस्थेची ठेव व आईवडिलांचा जीवन विमा ८० सी मध्ये धरला जाणार नाही. चालू वर्षात रुजू झालेल्या दोन्ही प्रणालींतील कर्मचाऱ्यांनी फॉर्म १२ बी द्यावा. बँकेने कापलेला कर टीडीएसमध्ये धरायचा असल्यास फॉर्म १२ बीएए द्यावा.

१२ जानेवारीपर्यंत पुरावा न आलेली रक्कम वजावटीतून काढली जाईल व वाढीव कर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीन पगारांतून समान कापला जाईल. पात्र वजावट आपल्याला स्वतःच्या विवरणपत्रात मागता येईल.'

पगारपत्रकावर प्रणाली छापण्याची सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर जुनी प्रणालीवाल्यांची नुसती नावं टाइम ऑफिसच्या आत लावा, रकमा नकोत. सूचना गेटच्या बोर्डावर लावताना तिन्ही पाळ्यांची येण्याची वाट बघा. आमचा बोर्ड सायकल स्टँडकडे होता आणि भुसावळहून रेल्वेने येणारे लोक दुसऱ्या गेटने आत यायचे, त्यांना सूचना दिसायचीच नाही. आता एक प्रत कँटीनच्या कूपन खिडकीवर असते.

तुमच्या आठ-दहा जुनी प्रणालीवाल्यांचा मी वर मांडला तसा दोन्ही बाजूंचा हिशेब सूचना लावायच्या आधी करून बघा. फायदा तीन-चार हजारांच्या आत असेल, तर त्या माणसाला बोलावून दोन्ही आकडे कागदावर दाखवा. एक पुरावा नाकारला गेला तर काय होईल, तो तिसरा आकडाही शेजारी लिहा. गेल्या डिसेंबरात मी अकरा जणांना असं बसवलं, त्यातल्या सात जणांनी तिथेच नव्या प्रणालीवर सही केली आणि मला फक्त चार फाइली तपासाव्या लागल्या.